स्क्रीनशॉटवरून काढलेल्या सारांशात तारखा आणि निर्णय दर वेळी का चुकतात

सोसायटीच्या ग्रुपवर दोन-तीन दिवस चर्चा चालते. मग कोणीतरी त्याचा हातभर लांब स्क्रीनशॉट पाठवतं आणि म्हणतं, "काय ठरलं ते चार ओळींत लिहून बोर्डावर लावा." आपण लिहितो, लावतो, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात कोणीतरी थांबवून सांगतं, "अहो, शनिवार नव्हे, रविवार ठरला होता." किंवा "सहा हजाराला मी हो म्हटलंच नव्हतं." किंवा, आणि हे सगळ्यांत वाईट, "मी दोनदा विचारलं, कोणी उत्तरच दिलं नाही, आणि तुमच्या नोटिशीत त्याचा पत्ताच नाही."

ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला आमची दोन विंगची सोसायटी आहे. मी बी विंगमध्ये राहतो आणि सेक्रेटरीचं काम बघतो. ए विंगचा ग्रुप वेगळा आहे, त्यात मी नाही. त्यामुळे तिकडची चर्चा माझ्यापर्यंत स्क्रीनशॉट होऊनच येते, आणि वर सांगितलेल्या तिन्ही चुका माझ्या हातून झालेल्या आहेत. एकदा तर टाकी रिकामी होणार तो दिवस मी नोटिशीत एक दिवस पुढचा लिहिला होता. त्या सकाळी एका घरात लहान बाळ होतं आणि बादलीभरही पाणी साठवलेलं नव्हतं. तेव्हापासून मी स्क्रीनशॉट वाचायची पद्धतच बदलली. ती २०२५ च्या नोव्हेंबरातल्या एका चॅटवरून सांगतो.

आधी मूळ कारण. स्क्रीनशॉटमध्ये प्रत्येक मेसेजच्या कोपऱ्यात वेळ असते, तारीख नसते. तारीख फक्त मध्ये मध्ये येणाऱ्या छोट्या पट्टीवर असते, आणि चॅट ताजं असेल तर त्या पट्टीवरही तारीख नसून `Today`, `Yesterday` किंवा नुसता वार असतो. हे शब्द ज्या दिवशी स्क्रीनशॉट काढला त्या दिवसापासून मोजलेले असतात, तुम्ही तो वाचता त्या दिवसापासून नव्हे. प्रत्यक्ष चॅटमध्ये ही पट्टी रोज आपोआप बदलते, म्हणून आपल्याला तिची सवय असते. चित्रात ती गोठते. त्यावर मेसेज लिहिणाऱ्यांचे 'उद्या', 'परवा', 'येत्या शनिवारी' हे शब्द. ते पुन्हा मेसेज लिहिला त्या दिवसापासून मोजायचे. म्हणजे एकाच चित्रात तीन वेगवेगळे 'आज' असतात: लिहिणाऱ्याचा, स्क्रीनशॉट काढणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा. ते वेगळे काढल्याशिवाय केलेला सारांश नशिबानेच बरोबर येतो.

माझ्याकडे आलेलं चित्र असं होतं. शुक्रवारी रात्री मी गावाहून परत आलो, घरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. ३०१ च्या ताईंनी ए विंगच्या ग्रुपचा लांब स्क्रीनशॉट पाठवलेला, सोबत एकच ओळ: "सकाळी नोटीस लावाल का?" फोनमध्ये ती फाइल उतरली `IMG-20251115-WA0002.jpg` या नावाने. विषय पाण्याच्या टाक्यांच्या सफाईचा. खाली तळटाकी आणि वर गच्चीवर दोन टाक्या.

फाइलच्या नावात २०२५ च्या नोव्हेंबरची १५ तारीख दिसते, शनिवार. इथेच पहिली ठेच लागते. अँड्रॉइड फोनवर आलेल्या फोटोचं नाव व्हॉट्सअॅप नव्याने ठेवतं आणि त्यात तो तुमच्या फोनमध्ये उतरला त्या दिवसाची तारीख घालतं. स्क्रीनशॉट कधी काढला ते त्यातून कळत नाही. ज्याने काढला त्याच्या फोनमध्ये मूळ फाइलच्या नावात बहुतेक वेळा काढल्याची तारीख आणि वेळ असते, पण ती फॉरवर्ड होताना पुसली जाते. चित्राच्या अगदी वर, बॅटरीच्या ओळीत, काढल्याची वेळ दिसते. तीही नुसती वेळ.

म्हणून चित्रातच एक खुंटी शोधायची, जिची तारीख कोणालाही विचारल्याशिवाय ठरते. माझ्या चित्रात `Today` पट्टीच्या खालीच सकाळी ७:०५ ला एका आजोबांचा मेसेज होता: गुलाबाचं फूल आणि "बालदिनाच्या हार्दिक शुभेच्छा". बालदिन १४ नोव्हेंबरला, म्हणजे `Today` म्हणजे शुक्रवार १४, शनिवार १५ नव्हे. शुभेच्छांचे मेसेज आपण वैतागून पुढे सरकवतो, पण स्क्रीनशॉट वाचताना त्यांच्यासारखा पक्का पुरावा नाही. सण, जयंती, क्रिकेटचा सामना, "आज लाइट गेली" असा मेसेज, काहीही चालतं. असं काहीच नसेल तर पाठवणाऱ्याला एकच गोष्ट विचारायची: "हा कोणत्या दिवशी काढलात?" तेवढ्या एका उत्तरावर सगळ्या पट्ट्या बसतात.

`Today` शुक्रवार ठरला की `Yesterday` गुरुवार १३. आणि त्याच्या वर, चित्राच्या सुरुवातीला, कसलीच पट्टी नव्हती, कारण स्क्रीनशॉट चर्चेच्या मधूनच सुरू होत होता. तिथले मेसेज रात्री ९:१२ पासून ११:५६ पर्यंतचे, आणि त्यांच्या लगेच खाली `Yesterday`. म्हणजे ते बुधवार १२ चे असावेत. 'असावेत' म्हणतो, कारण वरच्या भागाला स्वतःची पट्टी नसेल तर तो मंगळवारचाही असू शकतो, मधला अख्खा दिवस ग्रुप गप्प असेल तर. अशा वेळी मी तारखेपुढे प्रश्नचिन्ह ठेवतो आणि विचारायच्या यादीत टाकतो.

आता कागद. मी वहीत डाव्या बाजूला खऱ्या तारखा लिहून घेतो आणि प्रत्येक मेसेज त्याच्या तारखेखाली मांडतो, अगदी थोडक्यात. फोनवर चित्र वर-खाली सरकवत सारांश लिहायला गेलं की डोळा शेवटच्या स्क्रीनवरच राहतो, हा माझा अनुभव आहे. मांडलं ते असं.

बुधवार १२, रात्री. ९:१२ ला 'चेअरमन काका': टाकीसफाई आता करून टाकू, दोन कोटेशनं आली आहेत, ४,५०० आणि ६,०००. ९:२० ला ३०२ च्या काकू: साडेचार हजारवाल्याकडे गाळ ओढायचं मशीन आहे का, मागच्या वेळी बादल्यांनी काढला होता. ९:२४ ला 'नाना': सहा हजारवाला चांगला आहे. ९:३१ ला उजवीकडचा हिरवा मेसेज, नाव नाही: "६००० चालेल." त्यावर अंगठा आणि पाचचा आकडा. ९:४० ला १०४: रविवारी नको, पाहुणे आहेत. ११:५६ ला चेअरमन काका: "शनिवारी सकाळी १० ला ठेवू या."

गुरुवार १३. मध्यरात्री १२:०८ ला ५०१: "उद्या वॉचमनला सांगतो, सगळ्यांना पाणी भरून ठेवायला सांगेल." सकाळी १०:१५ ला ३०२ च्या काकू: "मशीनचं विचारलं का कोणी." दुपारी १:३० ला ४०४ कडून रोमन अक्षरांत `kal 11 baje pump wala`. लगेच १:३४ ला १०४: "हो." रात्री ८:०० ला चेअरमन काका: "परवा टँकर लागेल का? कोण बोलावणार." ८:०५ ला नाना: "बघतो."

शुक्रवार १४. बालदिन. ९:०० ला चेअरमन काकांचा मेसेज पुसलेला, नुसतं `This message was deleted`. ९:०२ ला २०३ आणि आणखी एकाचा "ओके". संध्याकाळी ६:४० ला १०२: "पाणी किती वाजेपर्यंत बंद असेल". मग चित्र संपतं.

इथपर्यंत आल्यावर आधी माणसं ओळखावी लागतात. स्क्रीनशॉटमध्ये दिसणारी नावं ज्याने तो काढला त्याच्या फोनमध्ये जशी सेव्ह असतील तशी येतात. 'नाना' कोण, हे ताईंना माहीत, मला नाही. (ते आमचे खजिनदार निघाले.) आणि उजवीकडच्या हिरव्या मेसेजवर नाव नसतं, कारण तो स्क्रीनशॉट काढणाऱ्याचा स्वतःचा असतो. आपलं लक्ष नसेल तर मेंदू सवयीने उजवीकडचं ते 'मी' असं वाचतो. मी पहिल्या वाचनात "६००० चालेल" हे कमिटीचं म्हणणं धरलं होतं. ते ताईंचं वैयक्तिक मत होतं, आणि त्या कमिटीत नाहीत. म्हणून मी नावाऐवजी फ्लॅटचा नंबर लिहितो. नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये एकच असतो.

आता दिवसांचे शब्द एकेक करून तारखेत बदलायचे. मराठीत इथे तीन खड्डे आहेत.

पहिला, मध्यरात्रीनंतरचा 'उद्या'. ५०१ ने १२:०८ ला लिहिलं, तेव्हा कॅलेंडरवर गुरुवार लागून आठ मिनिटं झाली होती आणि मेसेज `Yesterday` पट्टीच्या खाली होता. पट्टीवरून मोजलं तर 'उद्या' शुक्रवार. पण जागा असलेल्या माणसाचा दिवस झोपेपर्यंत संपत नाही. त्याच्या डोक्यात अजून बुधवारच चालू होता आणि 'उद्या' म्हणजे झोपून उठल्यावरचा गुरुवार. रात्री बारा ते साधारण चारपर्यंतच्या मेसेजमधला 'उद्या' मी नेहमी त्याच तारखेचा धरतो, आणि कामाचं असेल तर विचारून घेतो.

दुसरा, 'परवा'. आपल्याकडे परवा मागचाही असतो आणि पुढचाही. क्रियापदावरून कळतं: परवा आला, परवा येईल. पण ग्रुपवर लोक क्रियापद गाळतात. "परवा टँकर" एवढंच असतं तर ते मागच्या मंगळवारचं गाऱ्हाणं होतं की पुढच्या शनिवारची सोय, हे सांगता आलं नसतं. इथे 'लागेल' होतं म्हणून वाचलो. गुरुवारचा पुढचा परवा, शनिवार १५.

तिसरा खड्डा आमच्यासारख्या मिश्र वस्तीतल्या सोसायट्यांचा खास. रोमन अक्षरांत `kal` लिहिलं की मराठी माणूस ते 'काल' वाचतो. लिहिणारा हिंदी बोलणारा असेल तर त्याचा 'कल' उद्याही असतो आणि कालही. ४०४ चा मेसेज पुन्हा बघा: क्रियापद नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पंपवाला बुधवारी येऊन गेला असंच समजलो. पण पुढचा शब्द `baje` आहे. मराठी माणूस '११ वाजता' किंवा '११ ला' लिहील. म्हणजे वाक्य हिंदी, आणि 'कल' बहुधा उद्या, शुक्रवार १४ ला ११ वाजता. अशा मेसेजमध्ये आजूबाजूच्या शब्दांवरून भाषा ठरवायची, लिहिणाऱ्याच्या आडनावावरून नाही. आमच्या इथे हिंदी बोलणारे शेजारी अर्धं मराठी लिहितात आणि आमची मुलं सर्रास हिंदी. भाषा ठरली तरी काळ ठरला नसेल तर तो प्रश्नच धरायचा.

'येत्या' आणि 'पुढच्या'चाही घोळ होतो, पण तो सोपा आहे. "पुढच्या शनिवारी" असं कोणी बुधवारी लिहिलं की निम्मी माणसं तीन दिवसांनंतरचा धरतात, निम्मी दहा दिवसांनंतरचा. तिथे तारीख विचारण्याला पर्याय नाही.

तारखा लागल्या. आता निर्णय. इथे मी फक्त क्रियापदांकडे बघतो, कारण मराठीत माणूस किती बांधला गेला ते क्रियापद सांगतं. "ठेवू या" हा प्रस्ताव. "सांगतो", "करतो" हे एका माणसाने घेतलेलं काम. "सांगितलं", "केलं" ही झालेली गोष्ट. "चालेल" म्हणजे आपली हरकत नाही, एवढंच. त्याचा अर्थ ठरलं असा होत नाही. आणि "बघतो", "बघू" म्हणजे काहीच नाही. हे उगाच म्हणत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी नाही म्हणायचं टाळण्यासाठी 'बघतो' म्हटलेलं आहे.

निर्णयाच्या रकान्यात जायला मी दोन अटी लावतो. ज्याच्या हातात ती गोष्ट आहे त्याने ती सांगितलेली असावी, आणि त्यानंतर चित्रात कोणी तिच्या विरुद्ध बोललेलं नसावं. शनिवार १० वाजता हे चेअरमन काकांनी सुचवलं, पण "ठेवू या" म्हणून. त्याला होकार कुठे आहे? वरवर पाहिलं तर कुठेच नाही. १०४ चा "हो" पंपवाल्याच्या मेसेजखाली आहे, म्हणून तो पंपवाल्याला वाटतो. पण चित्र मोठं करून पाहिलं तर त्या "हो"च्या वर फिकट चौकट आहे आणि तिच्यात "शनिवारी सकाळी १० ला ठे…" एवढं दिसतं. रिप्लाय करून दिलेलं उत्तर मूळ मेसेजची चौकट सोबत आणतं. ही चौकट स्क्रीनशॉटमधला सगळ्यांत मौल्यवान भाग आहे आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षिलेलाही. तिच्यात मूळ मेसेजची वेळ नसते आणि मजकूर तोडलेला असू शकतो, म्हणून वर जाऊन मूळ मेसेज शोधून दोघांना रेघेने जोडायचं. ज्या घराने रविवारला हरकत घेतली होती त्याच घराने शनिवारला हो म्हटलं. तारीख पक्की धरायला मला ते पुरेसं होतं.

सहा हजारांचं मात्र तसं नाही. खजिनदार म्हणतात चांगला आहे, ताई म्हणतात चालेल, आणि पाच अंगठे. अंगठे कोणाचे, हे प्रत्यक्ष चॅटमध्ये त्यावर बोट ठेवलं की कळतं, चित्रात फक्त आकडा राहतो. पाच अंगठे पाच भाडेकरूंचेही असू शकतात. ज्यांनी कोटेशनं मागवली त्या चेअरमन काकांनी कोणाला काम दिलं, हे चित्रात कुठेही नाही. म्हणून हा निर्णय नव्हे. त्याच्यासाठी मी वेगळा रकाना ठेवला आहे: 'ठरल्यासारखं दिसतं, पक्कं नाही'. पूर्वी हा रकाना नव्हता, आणि माझ्या बहुतेक चुका तिथूनच झाल्या, कारण अशी प्रत्येक गोष्ट मी 'ठरलं'मध्ये ढकलत होतो.

पुसलेला मेसेजही इथेच येतो. चेअरमन काकांनी ९:०० ला काहीतरी लिहिलं, पुसलं, आणि मध्ये दोघांनी "ओके" म्हटलं. ते ओके कशाला, कळायला मार्ग नाही. पण ते ज्यांनी म्हटलं त्यांच्या डोक्यात ती पुसलेली गोष्ट अजून आहे, आणि ती शनिवारच्या वेळेबद्दल असू शकते. पुसलेल्या मेसेजखालचे होकार मी कधीही सोडून देत नाही.

उरले अनुत्तरित प्रश्न. आपली माणसं ग्रुपवर बहुतेक वेळा प्रश्नचिन्ह घालत नाहीत, त्यामुळे चिन्ह शोधून उपयोग नाही. 'का', 'कोण', 'कधी', 'किती', 'कुठे' हे शब्द शोधायचे. त्यातही "विचारलं का" मधला 'का' होय-नाही मागतो, आणि वाक्याच्या सुरुवातीचा 'का' कारण मागतो. प्रत्येक प्रश्नापुढे त्याचं उत्तर शोधायचं, आणि एकच कसोटी लावायची: प्रश्नाने जे मागितलं तेच उत्तरात आलं आहे का? 'किती'ला आकडा हवा, 'कोण'ला माणूस हवा, 'कधी'ला दिवस हवा. "परवा टँकर लागेल का? कोण बोलावणार" यात दोन प्रश्न आहेत. त्यावर "बघतो" आलं. त्यातून पहिल्याचं होय-नाही मिळालं नाही. दुसऱ्याला माणूस मिळाल्यासारखा वाटतो, पण नाना काय बघणार, टँकर लागेल का ते, की बोलावणार? दोन्ही प्रश्न उघडेच राहिले. घाईत वाचलं असतं तर 'टँकर – खजिनदार बघत आहेत' असं लिहून मी मोकळा झालो असतो. एकच प्रश्न दोनदा आला असेल, जसा काकूंचा मशीनचा, तर तो एकदाच लिहायचा पण दोनदा विचारला असं नोंदवायचं. माणूस उगीच दोनदा विचारत नाही.

रात्री पाऊणच्या सुमाराला ताईंना मेसेज टाकला. त्यात पाचच गोष्टी, म्हणजे सकाळी उठल्या उठल्या त्यांना उत्तर देता यावं:

"ताई, एवढंच सांगा. १) वरचे मेसेज बुधवार रात्रीचेच ना? २) काम कोणाला दिलं, चेअरमन काका काही बोलले का? ३) काकांनी सकाळी ९ ला पुसलेला मेसेज काय होता? ४) टँकर कोणी सांगितला आहे का? ५) मशीनचं कळलं का?"

सकाळी साडेसहाला ताईंचा फोन आला. मेसेज बुधवारचेच. सहा हजारवाल्याला काकांनी गुरुवारी फोनवर सांगून टाकलं होतं. म्हणजे निर्णय झाला होता, पण ग्रुपच्या बाहेर. त्याच्याकडे मशीन आहे, हेही काकांना फोनवर कळलं होतं, फक्त काकूंना कोणी सांगितलं नव्हतं. पुसलेला मेसेज "साडेनऊला येतो म्हणतोय" असा होता. मग त्या माणसाने पुन्हा दहाच कळवलं म्हणून काकांनी तो पुसला. म्हणजे दोन घरं साडेनऊ धरून बसली होती. पंपवाला शुक्रवारी येऊन गेला होता. आणि टँकर कोणीच सांगितला नव्हता. नाना म्हणाले, "लागेल का ते बघतो म्हटलं होतं मी." तीन टाक्या दहा वाजता रिकाम्या होणार होत्या आणि छत्तीस घरांना दुपारी पाणी कुठून येणार, हे कोणाच्याच यादीत नव्हतं. काकांनी तिथल्या तिथे फोन केला, टँकर दुपारी दोनला मिळाला.

सात वाजता बोर्डावर लागलेला आणि दोन्ही ग्रुपवर गेलेला कागद असा होता:

पाण्याच्या टाक्यांची सफाई (ए विंग ग्रुपवरील १२ ते १४ नोव्हेंबर २०२५ ची चर्चा आणि १५ तारखेच्या सकाळी विचारलेली माहिती)

ठरलं: सफाई शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी १० वाजता. साडेनऊ नाही. काम ६,००० रुपयांच्या कोटेशनला दिलं आहे (चेअरमन, फोनवर). पुढच्या कमिटी बैठकीच्या इतिवृत्तात घ्यायचं. गाळ ओढायचं मशीन आहे (३०२ ने विचारलं होतं).

आज: १० पूर्वी घरात पाणी भरून ठेवा. टँकर दुपारी २ वाजता.

उत्तर बाकी: पाणी किती वाजेपर्यंत बंद असेल (१०२ ने विचारलं). उत्तर चेअरमन काम सुरू झाल्यावर देतील. वॉचमनने गुरुवारी सगळ्या घरांना सांगितलं का, हे ५०१ ने कळवावं.

कागदात 'आज' लिहिलं आहे, पण वर तारीख आहे म्हणून. बोर्डावरचा कागद दोन दिवस तसाच राहतो, आणि तारखेशिवायचा 'आज' तिथेही गोठतो. बाकी-प्रश्नांपुढे विचारणाऱ्याचा फ्लॅट नंबर आणि उत्तर देणाऱ्याचं नाव, दोन्ही लिहायचं. नुसतं 'प्रलंबित' लिहिलं की ते कोणाचंच राहत नाही.

आता चित्राबद्दलच्या दोन अडचणी, ज्या दर वेळी येतात. लांब स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकाराने लहान होतो. उंची इतकी असते की ती मावावी म्हणून रुंदीही त्याच प्रमाणात आक्रसते आणि अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. तेव्हा ५ आणि ६, १ आणि ९ यांत फरक करता येत नाही, आणि कोटेशनचा आकडा चुकतो. पाठवणाऱ्याला सांगायचं, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. किंवा लांब एकाऐवजी सात-आठ साधे स्क्रीनशॉट काढा, पण प्रत्येकात आधीच्याचे शेवटचे दोन मेसेज पुन्हा दिसू द्या. ते जोड नसतील तर मध्ये काही गळलं आहे का ते सांगायला कसलाच मार्ग उरत नाही, कारण गळलेली जागा दिसत नाही, दोन्ही बाजू गुळगुळीत जुळल्यासारख्या वाटतात. फोनमधून चित्रातला मजकूर आपोआप उचलून घ्यायची सोय वापरली तर टाइप करायचं वाचतं, पण त्यात डावं-उजवं जातं आणि रिप्लायच्या चौकटीतला जुना मजकूर नवा मेसेज असल्यासारखा खाली येतो. उचललेल्या मजकुराशेजारी मूळ चित्र उघडं ठेवूनच काम करायचं.

शक्य असेल तिथे स्क्रीनशॉटऐवजी ग्रुपमधल्या कोणाला तरी `Export chat` करून मजकुराची फाइल द्यायला सांगा. तिच्यात प्रत्येक ओळीला तारीख आणि वेळ असते:

```
12/11/25, 11:56 pm - चेअरमन काका: शनिवारी सकाळी १० ला ठेवू या
13/11/25, 1:34 pm - 104: हो
```

तारखांचा सगळा प्रश्न इथे सुटतो. पण बघा, "हो" कशाला ते यात दिसत नाही. एक्स्पोर्टमध्ये रिप्लायची चौकट येत नाही, अंगठेही येत नाहीत. म्हणून मला जमलं तर दोन्ही हवं असतं: तारखांसाठी फाइल, आणि कोण कशाला उत्तर देतंय त्यासाठी चित्र. आणि फाइल मागताना एक पथ्य पाळायचं. तिच्यात लोकांचे नंबर आणि आजारपणापासून भांडणापर्यंत सगळं येतं. ताईंसारख्या एखाद्या व्यक्तीने हव्या त्या तीन दिवसांचाच भाग कापून पाठवला तर तेवढंच पुरतं.

व्हॉइस मेसेजचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. चित्रात त्याची फक्त लांबी दिसते, ०:४७. सत्तेचाळीस सेकंदांत एखादा निर्णय बदलूही शकतो. मी तो 'ऐकलेला नाही' असं लिहून बाकी-प्रश्नांच्या रकान्यात टाकतो, जो बोलला त्याच्या फ्लॅट नंबरसकट, आणि त्याच दिवशी त्या दाराची बेल वाजवतो.